14 मिमीवर खोली मोठी दिसते, घर मात्र कळत नाही

प्रश्न: "फुल फ्रेम कॅमेरा, 14-24 झूम आणि तीन अॅक्सिसचा गिंबल घेऊन एका एजंटसाठी घरांचे वॉकथ्रू व्हिडिओ करतोय. त्याला खोल्या मोठ्या दिसायला हव्यात, म्हणून सगळं 14 वर शूट करतो. पण वळताना भिंती रबरासारख्या ताणल्या जातात, चालताना उसळी दिसते आणि बघणारे विचारतात की बेडरूम नक्की कुठे आहे. महागातला गिंबल घ्यावा का?"

गिंबल घेऊ नका, निदान आत्ता तरी नको. भिंती ताणल्या जाण्याशी गिंबलचा काहीच संबंध नाही. उसळीशी असेलही, पण तो आधी तपासता येतो आणि तपासायला पैसे लागत नाहीत. बेडरूम कुठे आहे हे न कळणं हा तर निव्वळ क्रमाचा आणि कटचा दोष आहे. मला विचाराल तर तुमची खरी अडचण अशी आहे: तुम्ही खोल्या दाखवताय, आणि बघणाऱ्याला घर बघायचं आहे. तो तिथे कधी गेलेला नाही. व्हिडिओ संपल्यावर त्याला कागदावर त्या घराचा ढोबळ नकाशा काढता आला, तर वॉकथ्रू जमला. मी लेन्स, चाल आणि कट या तिन्ही गोष्टी या एकाच कसोटीवर ठरवतो.

आधी लेन्स, कारण गडबड तिथूनच सुरू होते. एक सोपा हिशेब आहे. फुल फ्रेमचा सेन्सर 36 मिमी रुंद असतो. त्याला लेन्सच्या मिमीने भागलं की एका फूट अंतरावर किती फूट रुंदी फ्रेममध्ये मावते ते कळतं. 24 मिमीवर दीड, 20 वर 1.8 आणि 14 वर जवळजवळ 2.6. आता 10 बाय 12 ची बेडरूम घ्या. तुम्ही दारातून फूटभर आत उभे आहात, समोरची 10 फुटी भिंत 11 फुटांवर आहे. 24 मिमीवर त्या अंतरावर साडेसोळा फूट रुंदी मावते, म्हणजे भिंत फ्रेमचा साठ टक्के भाग व्यापते. 20 वर ती साधारण निम्मी जागा घेते. 14 वर सव्वाअठ्ठावीस फूट मावतात आणि तीच भिंत फ्रेमच्या जेमतेम एक तृतीयांश उरते. 20 मिमीवर भिंत एवढी लहान दिसायला तुम्हाला पावणेसोळा फूट मागे उभं राहावं लागलं असतं. म्हणजे 14 वर टाकताक्षणी त्या खोलीत साडेचार-पावणेपाच फूट असे आले, जे प्रत्यक्षात नाहीतच.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट लक्षात येते. समोरची भिंत तर 24 वरही आरामात मावत होती. मग वाइड लेन्स लागते कशासाठी? बाजूच्या भिंती, पलंगाची अलीकडची बाजू आणि जमीन-छत दिसावं म्हणून. 16:9 मध्ये 20 मिमीवर उंची जवळपास अंतराएवढीच मावते: सहा फुटांवरून सहा फूट, दहा फुटांवरून दहा. त्यामुळे बाथरूममध्ये अडचण होते ती उंचीची, रुंदीची नाही. तिथे लेन्स आणखी वाइड करण्याऐवजी मी दारातच उभा राहून गिंबल कमरेपासून डोक्यापर्यंत सावकाश उचलतो. चार-पाच सेकंदांत जमिनीची फरशी, बेसिन आणि वरचा गीझर सगळं येतं, आणि लेन्स एका मिमीनेही बदलावी लागत नाही.

रबराचं कारणही यातच आहे. सरळ रेषा सरळ ठेवणाऱ्या कुठल्याही वाइड लेन्समध्ये कडेची घन वस्तू आडवी ताणली जाते. चेंडूसारखा गोल दिवा 14 मिमीच्या फ्रेमच्या कडेला नेला तर तो उंचीच्या 1.6 पट रुंद दिसतो. 20 वर हाच आकडा 1.35 आणि 24 वर 1.25. स्थिर फोटोत हे खपून जातं. व्हिडिओत कॅमेरा वळला की तोच दिवा कडेकडून मध्याकडे येताना आकसतो आणि पलीकडे जाताना पुन्हा फुगतो, सोफा आणि कपाटही तसंच करतात. त्यालाच तुम्ही रबर म्हणताय. हा लेन्सचा दोष नाही, त्यामुळे एडिटिंगमध्ये लेन्स प्रोफाइल लावून तो जात नाही. प्रोफाइलने फक्त रेषांचा बाक निघतो.

मी स्वतः जवळजवळ सगळं घर 20 वर करतो. हॉल मोठा असेल तर सगळं घर 24 वर. 16 ला हात लावतो तो फक्त अगदी चिंचोळ्या बाथरूमसाठी, आणि तेव्हा कॅमेरा वळवत नाही. क्रॉप सेन्सरवर 13 मिमीच्या जवळपासची लेन्स 20 चं काम करते. फोनची 0.5x लेन्स 13 मिमीच्या आसपासची असते, म्हणजे तुमच्या 14 पेक्षाही वाइड, आणि मुख्य लेन्स 24-26 च्या आसपास. फोनवर करायचं झालं तर मी मुख्य लेन्स वापरून एक पाऊल जास्त टाकतो. आणि असं चिंचोळं बाथरूम सोडलं तर एक घर एकाच फोकल लेंग्थवर संपवा. हॉल 24 वर आणि बेडरूम 14 वर केलीत, तर बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच मोठ्या वाटतात आणि त्याची तुलना करायची सोयच जाते. तुमच्याकडे झूम आहे, म्हणून आणखी एक सांगतो: 20 वर ठेवूनच बॅलन्स करा आणि झूमच्या रिंगवर चिकटपट्टीचा तुकडा लावा. झूम फिरला की बऱ्याच लेन्सचं वजन पुढे-मागे सरकतं आणि बॅलन्स बिघडतो.

एजंटला काय सांगायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी सुरुवातीला 12 मिमीवर एक घर करून दिलं होतं. बघायला आलेलं एक जोडपं लहान बेडरूमच्या दारात थबकलं आणि विचारलं, "व्हिडिओतली ती दुसरी खोली कुठली?" ती हीच होती. त्यांनी उरलेलं घरही नीट पाहिलं नाही, आल्या पावली परत गेले. तेव्हापासून मी प्रत्येक खोलीत शिरताना खाली फूट-इंचात मापं टाकतो आणि फ्रेममध्ये ओळखीच्या आकाराचं काहीतरी ठेवतो: दार, पलंग, खुर्ची. रिकाम्या खोलीत डोळ्याला मापच मिळत नाही, तिथे उघडं दार दिसलंच पाहिजे. 20 वरची खोली आकड्यांशी जुळते. 14 वर आकडे टाकले की आकडेच खोटे वाटू लागतात, आणि हे एजंटला दोन्ही क्लिप शेजारी ठेवून दाखवलं की तो सहसा वाद घालत नाही.

आता उसळी. नवीन गिंबलचा विचार करण्याआधी तुमची एखादी खराब क्लिप अगदी हळू चालवून बघा आणि फ्रेममध्ये नक्की काय हलतंय ते शोधा. दूरची भिंत आणि जवळचं टेबल एकत्र, एकाच तालात हलत असतील, तर कॅमेरा फिरतोय, म्हणजे दोष गिंबलकडे आहे. बहुतेक वेळा बॅलन्स चुकलेला असतो. मोटर बंद करून कॅमेरा कुठल्याही कोनात सोडा. तो सोडल्या जागी थांबायला हवा, घसरता कामा नये. दूरची भिंत स्थिर आणि फक्त जवळचं टेबल वर-खाली होत असेल, तर ती तुमची पावलं आहेत. तीन अॅक्सिसचा गिंबल कॅमेऱ्याचं झुकणं-वळणं थांबवतो. आख्खा कॅमेरा काही सेंटीमीटर वर-खाली होतो, ते त्याच्या आवाक्याबाहेर आहे, तो कितीही महाग असो. तिसरी शक्यता अशी की मधला भाग शांत आहे पण चारही कोपरे जेलीसारखे थरथरतात. ते कॅमेऱ्यातलं, सेन्सर हलवून होणारं स्टॅबिलायझेशन आहे. अतिवाइड लेन्सवर मध्य आणि कोपरे यांना लागणारी दुरुस्ती सारखी नसते, त्यामुळे मध्य सावरताना कोपरे डुलतात. गिंबलवर असताना ते बंद करून एक चाचणी घ्या. तुमच्या वर्णनावरून मला पावलं आणि कोपरे, दोन्हींचा संशय आहे.

पावलांवर उपाय शरीराचाच. गुडघे किंचित वाकवून, टाच आधी आणि मग हळूच चवडा, पावलं लहान. गिंबल दोन्ही हातांनी, कोपर अंगापासून सुटलेले, म्हणजे हात स्प्रिंगसारखे काम करतात. पायात मोजे असले तर उत्तम. वेग सेकंदाला दीड फुटाच्या वर जाऊ देऊ नका. एवढं सावकाश चालताना तोल जात असेल तर 50 फ्रेमवर शूट करून 25 च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगाने चालवा, उसळीही तेवढीच लांबते आणि मऊ होते. फक्त पंखा बंद करा आणि पडदे वाऱ्याने हलणार नाहीत असं बघा, नाहीतर सगळं घर पाण्याखाली असल्यासारखं दिसतं.

गिंबलचा मोड असा ठेवा की तो फक्त डावी-उजवीकडे तुमच्या मागे वळेल, वर-खाली मात्र सपाट राहील. बऱ्याच गिंबलवर याला पॅन फॉलो म्हणतात. लेन्स वर किंवा खाली झुकली की दाराच्या चौकटी तिरक्या होतात, आणि चालताना त्यांचा तिरकेपणा बदलत राहिला तर घर डोलतंय असं वाटतं. लेन्सची उंची मी छातीशी, चार-सव्वाचार फुटांवर ठेवतो. किचनचा ओटा वरून दिसतो आणि छतही फार उरत नाही. वळताना वाकडं दिसू नये यासाठी एक सवय लावून घ्या: चालणं आणि वळणं एकाच वेळी नको. लहान खोलीत पुढे जा, थांबा, मग कमरेतून वळा. दारातून आत वळायचं असेल तर उंबरठ्याच्या एक पाऊल आधीच लेन्स आत वळवायला लागा, कारण गिंबल तुमच्या मागून येतो. नाहीतर तुम्ही खोलीत पोचता आणि तो अजून चौकटीकडेच बघत असतो.

फोकस आणि एक्स्पोजर ऑटोवर सोडू नका. 20 मिमीवर f/5.6 ठेवून फोकस आठ फुटांवर बांधला की चार फुटांपासून शेवटपर्यंत कामापुरतं सगळं स्पष्ट येतं, पूर्ण घरात फोकसला पुन्हा हात लावावा लागत नाही. शटर 25 फ्रेमला 1/50 आणि 50 फ्रेमला 1/100. वीज 60 हर्ट्झची असेल तर 30 आणि 60 फ्रेम घेऊन 1/60 आणि 1/120. दिवे लुकलुकले तर आधी इथेच बघा. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स खोलीगणिक बांधा आणि बदल दारातल्या कटमध्ये लपवा. अंधाऱ्या पॅसेजमधून उजेडाच्या खोलीत एकाच शॉटमध्ये गेलात तर कॅमेरा आधी पांढरा होणार आणि मग सावरणार, ते फार वाईट दिसतं. खिडकीबाहेरचं दृश्य पूर्ण जळू देऊ नका. समोरची इमारत दहा फुटांवर असेल तर तीही दिसू दे, ती उद्या दिसणारच आहे.

आता क्रम. हल्लीच केलेलं एक घर उदाहरणाला घेतो. मुख्य दार हॉलच्या आखूड बाजूला, समोर हॉलच्या टोकाशी बाल्कनी. डाव्या भिंतीत मध्यावर किचन. उजव्या भिंतीत, बाल्कनीच्या अलीकडे पॅसेज. पॅसेजमध्ये शिरलं की डावीकडे बाथरूम, उजवीकडे लहान बेडरूम आणि टोकाला मोठी बेडरूम, तिला स्वतःचं बाथरूम. एजंटला मोठी बेडरूम आधी हवी होती, कारण ती सर्वांत देखणी. मी ती शेवटी ठेवली. सुरुवातीच्या एक-दोन सेकंदांत तिची झलक हवी तर द्या, पण चालायला लागलात की पाय जिथून जातील तिथूनच व्हिडिओ गेला पाहिजे.

पहिला शॉट दाराबाहेरून, उंबरठा ओलांडून सरळ हॉलमध्ये, बाल्कनीच्या दारापर्यंत. या एका शॉटमध्ये डावीकडे किचनचं दार आणि उजवीकडे पॅसेज जाता जाता दिसून जातात, त्यांच्याकडे वळायचं नाही. बाल्कनी तिथेच उरकली. मग बाल्कनीच्या दारात उभं राहून मागे वळायचं, आणि इथे बहुतेक जण चुकतात. मागे वळलं की किचन उजवीकडे येतं आणि पॅसेज डावीकडे. ही उलटापालट कटने केली तर बघणाऱ्याच्या डोक्यातला नकाशा तिथेच फाटतो. म्हणून तोंड फिरवायचं ते नेहमी अखंड शॉटमध्ये, कॅमेऱ्यादेखत, आठ सेकंद लागले तरी चालतील. झटक्यात कॅमेरा फिरवून केलेली ट्रान्झिशन या कामात मी वापरत नाही, त्याचं कारणही हेच: कुठल्या बाजूला किती वळलो तेच कळत नाही.

तिथून उजवीकडे किचन. किचनमधून परत बाहेर चालत येण्याची गरज नाही. कट करून किचनच्या दारात उभं राहिलं की समोर, किंचित डावीकडे पॅसेज दिसतो, त्याच्याकडे चालत जायचं. पॅसेजच्या तोंडाशी थांबा. तिन्ही दारं उघडी, एका फ्रेममध्ये, हलायचं नाही. हा शॉट कंटाळवाणा आहे आणि घराची किल्लीही तोच आहे. त्यानंतर बाथरूम. मग पुन्हा पॅसेज, या वेळी एक पाऊल पुढून, म्हणजे बाथरूम मागे गेलं हे कळतं. मग लहान बेडरूम, पुन्हा पॅसेज, शेवटी मोठी बेडरूम आणि तिचं बाथरूम. प्रत्येक बेडरूमचा दुसरा शॉट मी खिडकीकडून दाराकडे बघत घेतो, पण तोही वळत घेतलेला, कट करून नव्हे. बाथरूमचा आरसा समोर असेल तर दारात एका बाजूला सरकून तिरकं उभं राहा. दोन पावलांत तुम्ही आरशातून बाहेर पडता.

शूट करताना प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन सेकंद थांबा, नाहीतर कट करायला जागाच उरत नाही. एडिटमध्ये मी उंबरठ्यावर कट करतो. आधीच्या शॉटची शेवटची फ्रेम चौकटीत, पुढच्याची पहिली फ्रेम चौकटीच्या आत, दिशा आणि उंची तीच, वेगही तोच. वेग जुळला नाही तर कट ठेचकाळल्यासारखा वाटतो, अशा वेळी एका क्लिपचा वेग पाच-दहा टक्क्यांनी बदलून बघा. सॉफ्टवेअरचं स्टॅबिलायझेशन लागलंच तर जपून. प्रीमियरमध्ये Warp Stabilizer लावताच Method मध्ये Subspace Warp आणि Smoothness 50% असतं. हीच पद्धत चित्राचे तुकडे वेगवेगळे वाकवते आणि सरळ भिंतीला लाट आणते. Method मध्ये Position, Scale, Rotation घ्या आणि Smoothness 5 ते 10 वर आणा. एवढ्याने क्लिप सावरली नाही, तर ती पुन्हा शूट करणंच बरं. क्लिपचा वेगही बदलायचा असेल तर आधी ती नेस्ट करावी लागते, एकाच क्लिपवर दोन्ही चालत नाहीत.

या घराचा व्हिडिओ पावणेदोन मिनिटांचा झाला. तो मी घर न पाहिलेल्या एका मित्राला एकदाच दाखवला आणि कागद पुढे केला. हे मी दर वेळी करतो. त्याने हॉल, बाल्कनी, किचन बरोबर काढलं, पण बाहेरचं बाथरूम लहान बेडरूमच्या आत काढलं. परत टाइमलाइन पाहिली तेव्हा कळलं की लांबी कमी करायच्या नादात पॅसेजच्या तोंडाशी थांबलेला शॉट मी अर्ध्या सेकंदावर आणला होता, आणि बाथरूमनंतरचा पॅसेजचा तुकडा पूर्णच काढून टाकला होता. त्यामुळे बाथरूममधून थेट बेडरूम येत होती. तो तुकडा परत घातला, थांबलेला शॉट दोन सेकंदांचा केला आणि दुसऱ्या मित्राला दाखवला. त्याने बाथरूम पॅसेजच्या डावीकडे काढलं.